गिळता येतंय, तरी नळी का काढत नाहीत?

पक्षाघाताच्या झटक्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी बहुतेक घरांत हा प्रश्न येतो. नाकातून पोटात गेलेल्या नळीवाटे सगळं अन्न चाललेलं असतं. मग एक दिवस थेरपिस्ट चार चमचे घट्ट पदार्थ भरवून बघतात, पेशंट ते नीट गिळतो, आणि घरच्यांना वाटतं, झालं! आता नळी निघणार. पण नळी तशीच राहते, कधी आठवडा, कधी तीन आठवडे. रुग्णालयाला घाई नाही, अशी शंका येते. पेशंट रोज नळीकडे बोट दाखवून "काढा" म्हणत असतो, तेव्हा ती शंका आणखी वाढते.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि हा मधला काळ मी रोज बघते. सुरक्षित गिळता येणं ही एक परीक्षा आहे आणि पुरेसं खाता येणं ही दुसरी. नळी दुसऱ्या परीक्षेच्या निकालावर निघते, आणि तो निकाल एका वहीत लिहिलेला असतो.

गिळताना नेमकं काय होतं

घशात दोन रस्ते शेजारी शेजारी आहेत. पुढचा श्वासनलिकेकडे जातो, मागचा अन्ननलिकेकडे. आपण घास गिळतो तेव्हा साधारण सेकंदभरासाठी रेल्वेचा सांधा बदलावा तसं होतं. श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, त्याच्यावरचं झाकण पडतं, स्वरतंतू मिटतात आणि अन्न मागच्या रस्त्याने जातं. पक्षाघातात मेंदूकडून येणारा हुकूम उशिरा येतो किंवा अर्धवट येतो. सांधा बदलायच्या आतच गाडी पोचते आणि घास श्वासनलिकेच्या तोंडाशी येतो. अन्न किंवा पाणी असं श्वासमार्गात उतरण्याला ॲस्पिरेशन म्हणतात. त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो.

पाणी सगळ्यात वेगाने धावतं, म्हणून ते गिळायला सगळ्यात अवघड. घट्ट पदार्थ सावकाश सरकतो आणि सांध्याला वेळ देतो. त्यामुळे सुरुवात घट्ट पदार्थापासून होते आणि साधं पाणी शेवटी येतं. घरच्यांना हे नेमकं उलटं वाटतं. "निदान दोन घोट पाणी तरी देऊ या, पाण्याने काय होतंय?" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. त्यामागची माया मला कळते, पण त्या दोन घोटांनीच घात होऊ शकतो.

पहिली परीक्षा: सुरुवात करायला पेशंट तयार आहे का

ताटाआधी माणूस बघायचा. तो निदान पंधरा मिनिटं डोळे उघडे ठेवून, लक्ष देऊन बसू शकतो का? पाठ सरळ आणि मान सावरलेली, असं बसवता येतं का? स्वतःची लाळ तो गिळतो का, की ती ओठांच्या कोपऱ्यातून गळते किंवा घशात खरखरते? सांगितल्यावर जोरात खोकू शकतो का? हा खोकला फार मोलाचा, कारण चुकीच्या रस्त्याने गेलेलं परत काढणारा पहारेकरी तोच. शिवाय ताप नसावा, श्वास शांत असावा. माणूस मिनिटाला तीस वेळा धापा टाकत असेल, तर गिळण्यासाठी श्वास थांबवायची उसंत त्याला मिळणार नाही.

एवढं जमल्यावर थेरपिस्ट चमच्या-चमच्याने तपासणी करतात. प्रत्येक घासानंतर ते पेशंटला "आ" म्हणायला लावतात. गुळणी तोंडात धरून बोलावं तसा ओला, घरघरता आवाज आला, तर काहीतरी स्वरतंतूंवर साचलेलं आहे.

"ठसका तर लागला नाही, मग ठीक आहे ना?" नाही. पक्षाघातात घशातली जाणीवच बोथट झालेली असू शकते. घास श्वासनलिकेत जातो आणि खोकला येतच नाही. याला मूक ॲस्पिरेशन म्हणतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून शंका असेल तिथे नाकातून बारीक कॅमेरा घालून किंवा बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेच्या चित्रफितीत गिळणं बघतात. ही चैनीची तपासणी नाही. ती टाळून केलेला अंदाज चुकू शकतो.

तोंडाची स्वच्छता बहुतेकांना किरकोळ वाटते. थोडीशी लाळ किंवा पाणी फुप्फुसात गेलं तरी शरीर ते बऱ्याचदा निभावून नेतं, पण त्यासोबत घाणेरड्या तोंडातले जंतू गेले की ते सोपं राहत नाही. नळीवर असलेला माणूस खात नाही, म्हणून त्याचे दात घासायचेच राहून जातात. खरं तर त्यालाच दिवसातून दोन-तीनदा ब्रश हवा.

नळी आणि तोंड: एका टाकीचे दोन नळ

आता एका आजींची गोष्ट सांगते. वय सहासष्ट, वजन ६० किलो. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला होता, त्यामुळे डावा हात, डावा पाय आणि चेहऱ्याची डावी बाजू कमजोर. झटक्यानंतर एकोणिसाव्या दिवशी तपासणीत असं ठरलं की, गुळगुळीत वाटलेलं घट्ट अन्न आणि थोडं दाट केलेलं पातळ, दोन्ही चमच्याने सुरक्षित. साध्या पाण्याला मात्र ठसका.

आधी गरजेचा हिशेब मांडला. किलोमागे २५ कॅलरी धरल्या तर दिवसाला १५००. किलोमागे ३० मिली धरलं तर पाणी १८०० मिली. नळीतून त्यांना एका मिलीला एक कॅलरी देणारं तयार फीड मिळत होतं, २५० मिली दिवसातून सहा वेळा. म्हणजे १५०० कॅलरी बरोबर. टाकी भरलेली होती, पण सगळी एकाच नळाने. आता दुसरा नळ उघडायचा आणि तो जितका वाहील तितकाच पहिला बंद करायचा.

इथे पहिली अडचण भुकेची. पोट दर चार तासांनी भरलं जात असेल तर माणसाला जेवावंसं वाटणार कसं? म्हणून फीडच्या वेळा हलवल्या. जेवणाआधी दोन तास नळीतून फीड नाही. आधी तोंडाने, आणि मग जे कमी पडलं ते नळीतून. पुढे पुढे नळीचा भाग रात्रीकडे सरकवला, डोकं उंचावर ठेवून.

तोंडाने दिवसातून एकच जेवण सुरू केलं, दुपारचं, कारण तेव्हा आजी सगळ्यात ताज्यातवान्या असायच्या. आमच्या टीमने एक सोपा नियम ठरवला. ताटातलं अर्ध्याहून कमी गेलं तर त्या वेळचं फीड पूर्ण द्यायचं. अर्धं ते पाऊण गेलं तर अर्धं फीड. पाऊण किंवा जास्त गेलं तर फीड नाही. आकडे प्रत्येक टीम आपापल्या पेशंटनुसार ठरवते, पण नियम आधी ठरलेला हवा. नाहीतर ज्याची पाळी असेल त्याच्या मर्जीवर नळ उघडतो आणि मिटतो.

इथून पुढचे दिवस तोंडाने खाणं सुरू झाल्यापासूनचे. पहिल्या दिवशी ताटात ३५० कॅलरींचं अन्न होतं. आजींनी १४० कॅलरी खाल्ल्या, म्हणजे चाळीस टक्के. फीड पूर्ण दिलं. चौथ्या दिवशी २१० कॅलरी, साठ टक्के. अर्धं फीड, १२५ मिली.

"आज छान खाल्लं" हे वहीत चालत नाही

आजींची मुलगी रोज सांगायची, "आईने आज छान खाल्लं." मी विचारायचे, "ताई, किती?" ती थोडी हिरमुसायची. पण "छान" या शब्दाची बेरीज करता येत नाही. आदल्या दिवशी एक चमचा गेला असेल तर आज पाच चमचे म्हणजे छानच की, आणि ते खरंही आहे. पण पाच चमचे म्हणजे साठ-सत्तर कॅलरी, आणि गरज १५०० ची.

वहीचं पान साधं होतं. वेळ, पदार्थ, तो किती घट्ट, किती वाढला, किती उरला, किती मिनिटं लागली, ठसका किंवा ओला आवाज आला का, आणि नळीतून काय दिलं. वाढलेलं आणि उरलेलं दोन्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचं, कारण नजरेचा अंदाज हमखास उदार असतो. सांडलेलं आणि ओठातून बाहेर आलेलं उरलेल्यात धरायचं. जेवण अर्ध्या तासात संपलं नाही तर थांबायचं. त्यानंतर माणूस थकतो आणि थकलेल्या घशाने गिळणं धोक्याचं.

सातव्या दिवशी वहीत एकदम नोंद आली: दुपारी ९५ टक्के. सगळे खूश. पण वेळ लिहिली होती अकरा मिनिटं, आणि आदल्या दिवशी त्याच्या दोन तृतीयांश अन्नाला पंचवीस मिनिटं लागली होती. मला ते पटेना. जेवणानंतर वीस मिनिटांनी मी टॉर्च घेऊन गेले आणि आजींना तोंड उघडायला सांगितलं. डाव्या गालात अन्नाचा गोळा तसाच होता, चांगला दोन मोठे चमचे. त्या बाजूला जाणीव नसल्याने तो तिथे आहे हे त्यांना कळलंच नव्हतं. झोपल्यावर तोच गोळा मागे घसरला असता. ताट रिकामं झालं म्हणजे अन्न पोटात गेलं असं नाही. त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला: "तोंड तपासलं का". आणि प्रत्येक दोन-तीन घासांनंतर जीभ डाव्या गालात फिरवायची, एकदा कोरडं गिळायचं, असं ठरलं.

वहीने आणखी एक गोष्ट दाखवली, जी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. रोज ताटाची डावी बाजू उरायची. आम्हाला वाटत होतं तो पदार्थ त्यांना आवडत नाही. पण पदार्थ बदलला तरी उरायचं ते डावीकडचंच. मेंदूच्या उजव्या बाजूच्या इजेत कधी कधी माणसाला डावीकडचं जग जाणवेनासं होतं. डोळ्यांना दिसतं, पण मन तिकडे वळत नाही. ताट उजवीकडे सरकवलं, मध्येच फिरवून दिलं, आणि खाणं वाढलं. नावड होती असं समजून आम्ही मेनू बदलत बसलो होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

दाटपणा डोळ्यांनी ठरवू नका

"थोडं दाट" म्हणजे किती, यावर सकाळच्या आणि रात्रीच्या माणसाचं एकमत कधीच होत नाही. यासाठी आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, शून्य ते सात. पाणी शून्यावर, नेहमीचं अन्न सातवर. आजींचं पातळ दोनवर होतं आणि वाटलेलं अन्न चारवर.

तपासायला दहा मिलीची सिरिंज लागते, तीही या चाचणीसाठी ठरवून दिलेल्या लांबीची. दट्ट्या काढायचा, सिरिंजच्या खालच्या तोंडावर बोट ठेवून दहाच्या खुणेपर्यंत पातळ भरायचं, बोट सोडायचं आणि दहा सेकंदांनी परत लावायचं. आत ४ ते ८ मिली उरलं तर ती दोन नंबरची पातळी. एकपेक्षा कमी उरलं तर ते पाण्यासारखंच पातळ आहे, आजींसाठी नाही. चौथ्या पातळीचं अन्न चमच्यात आकार धरून राहतं आणि चमचा तिरका केला की गोळ्याने घसरून पडतं, चिकटून बसत नाही.

दाट करण्याची पावडर घालून ठेवलेलं पेय वेळेनुसार आणखी घट्ट होऊ शकतं, म्हणून देताना पुन्हा बघायचं.

"नळीमुळेच गिळता येत नाही, आधी ती काढा"

ही शंका रास्त आहे. घशात काहीतरी अडकलंय असं पेशंटला सतत वाटत असतं. पण पक्षाघातानंतरचं गिळणं बिघडतं ते मेंदूमुळे. बारीक, नीट बसलेली नळी त्यात सहसा मोठी भर घालत नाही, आणि नळी असताना गिळण्याचा सराव करता येतो. अपवाद असा की, नळी घशात गुंडाळी होऊन पडली असेल तर ती नक्कीच आड येते. गिळणं अचानक बिघडलं किंवा सतत उमासे येऊ लागले, तर नळीची जागा तपासायला सांगावं.

याच्या उलट टोकाचा आग्रहही असतो: "फीड एकदम बंद करा, भूक लागली की खाईल." धडधाकट माणसाच्या बाबतीत ते चाललं असतं. इथे भूक लागली तरी घसा तेवढा वाहू शकत नाही. चार दिवस अर्ध्या पोटी राहिलेला माणूस आणखी गळतो, गळलेला माणूस कमी सावध असतो, आणि कमी सावध माणूस वाईट गिळतो. हे चक्र एकदा फिरू लागलं की थांबवणं कठीण.

पंच्याहत्तर टक्के, सलग तीन दिवस

दहाव्या दिवसापर्यंत तोंडाने खाणं एका जेवणावरून चार वेळांवर गेलं होतं, आणि त्या दिवशी आजींची बेरीज अशी होती. सकाळी २९० कॅलरी, दुपारी ३१०, मधल्या वेळी १८०, रात्री १५०. एकूण ९३०, म्हणजे गरजेच्या बासष्ट टक्के. रात्रीतून दोन फीड, ५०० कॅलरी दिल्या.

रात्रीचा आकडा रोजच पडलेला होता. दुपारभर फिजिओथेरपी, भेटायला येणारी माणसं, आणि मग आठ वाजता जेवण. तोवर आजी गळून गेलेल्या असायच्या. जेवण पाच वाजता आणलं, त्याआधी तासभर झोप, आणि त्या वेळी भेटी बंद. ताटाचा आकार न वाढवता त्यात स्निग्धांश आणि प्रथिनांची पावडर मिसळली, कारण पंचवीस चमचे गिळण्यापेक्षा पंधरा दमदार चमचे सोपे.

तेरा, चौदा आणि पंधराव्या दिवशी बेरीज आली ११४०, ११९० आणि ११६०. तिन्ही दिवस पाऊण भागाच्या वर. सलग तीन दिवस गरजेच्या ७५ टक्के तोंडाने, ही नळीचं फीड बंद करण्यासाठी बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी खूण आहे. एकच दिवस का पुरत नाही? कारण एखादा चांगला दिवस कुणाचाही येतो. आणि शंभर टक्क्यांची वाट का बघत नाहीत? कारण रात्रीचं फीड चालू असेपर्यंत भूक पूर्ण उघडतच नाही. सोळाव्या दिवशी फीड थांबवलं आणि एकोणिसाव्या दिवशी बेरीज १३३० वर गेली. समजा ती तीन दिवसांत वर गेली नसती किंवा खाली आली असती, तर फीड परत सुरू केलं असतं. त्यात हरण्यासारखं काही नाही. नळी तेवढ्यासाठीच ठेवलेली असते.

फीड बंद, तरी नळी आत

इथे मुलगी खरोखर चिडली. "आता तर सगळं तोंडाने खाते, मग नळी कशाला?" मी तिला वहीतला पाण्याचा रकाना दाखवला. पंधराव्या दिवशी आजी दाट केलेलं पेय ६५० मिली प्यायल्या होत्या. अन्नातलं पाणी सुमारे ५००. एकूण ११५०, आणि गरज १८०० ची. दाट पेयाने तहान भागल्यासारखी वाटत नाही, चवही बदलते, म्हणून माणसं ते कमी पितात. अन्न जमतं आणि पाणी मागे राहतं, हे फार वेळा होतं. मग चक्कर, बद्धकोष्ठता, गोंधळलेपण, लघवीचा संसर्ग, आणि सगळ्यांना वाटतं पुन्हा झटका आला की काय.

म्हणून फीड बंद केल्यावरही नळीतून १५० मिली साधं पाणी चार वेळा देत राहिलो. औषधंही तोपर्यंत नळीतूनच. नळीतून असो वा तोंडाने, प्रत्येक गोळी कुटून चालत नाही. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात. तोंडाने कोणती गोळी कशी द्यायची हे फार्मासिस्टने ठरवून दिलं आणि मगच ती बदलली.

या सगळ्या दिवसांत वहीच्या मागच्या पानावर ताप, श्वासाचा वेग आणि आठवड्यातून दोनदा वजन लिहिलं जात होतं. न्यूमोनिया नेहमी ठसक्याने दार वाजवून येत नाही. थोडा ताप, मिनिटाला अठराऐवजी चोवीस श्वास, जेवणानंतर घरघर, किंवा माणूस नुसता मलूल, एवढंच आधी दिसतं. असं काही दिसलं तर तोंडाने देणं थांबवून डॉक्टरांना बोलवायचं, उद्या बघू म्हणायचं नाही.

एकविसाव्या दिवशी पेय १०५० मिलीवर पोचलं, अन्नातलं धरून १५५०. रक्तातलं सोडियम आणि युरिया ठीक होतं, लघवीचा रंग फिकट. वजन ५९.४ किलो. बाविसाव्या दिवशी सकाळी नळी काढली.

ज्यांना पोटावरून थेट जठरात नळी बसवलेली असते, ज्याला पेग म्हणतात, त्यांच्या बाबतीत घाई आणखी कमी. ती नाकात खुपत नाही, आणि काढल्यावर परत बसवणं म्हणजे नव्याने प्रक्रिया. त्यामुळे ती वापरात नसतानाही काही आठवडे ठेवतात, रोज पाण्याने धुऊन मोकळी ठेवतात, आणि वजन टिकलंय याची खात्री झाल्यावर काढतात.

आजी घरी गेल्या तेव्हा वही सोबत दिली. पुढचे दोन आठवडे मुलीने ती भरली, तोलून, रोज. पहिल्या आठवड्यात एक दिवस बेरीज ९८० वर आली होती. समोर तिनेच लिहिलं होतं: "रात्री झोप झाली नाही, सकाळी फक्त पाच चमचे. दुपारी एक तास उशिरा दिलं, तोंड तपासलं." दोन आठवड्यांनी वजन ५९.७ भरलं. साध्या पाण्याची तपासणी त्यानंतरच्या भेटीत ठेवली होती.